आभारपत्रकात जे राहून गेलं : कबड्डी स्पर्धा समितीला खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि स्पर्धा समितीचे सर्व सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

परवा समितीचं आभारपत्रक हातात आलं. चकचकीत कागद, वरच्या अर्ध्या पानावर प्रायोजकांची बोधचिन्हं, खाली चार ओळींत निकाल, मग "आणि सर्व ज्ञात-अज्ञात स्वयंसेवक" असा अर्धा वाक्यांश, आणि शेवटी ठळक अक्षरांत "पुढच्या हंगामात २४ संघ, महिला गट आणि तीन दिवसांचा थरार! लवकरच मोठी घोषणा." मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा आपण कुठे आहोत ते शोधायला. खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांदा वाचताना मात्र निकालांपाशी अडकलो आणि हे पत्र लिहायचं ठरवलं.

मी या स्पर्धेचा गुणलेखक. हे माझं नववं वर्ष. मॅटच्या कडेला, मध्यरेषेच्या समोर एक टेबल असतं, त्यामागे बसून सरपंचाच्या हाताकडे आणि पंचांच्या बोटांकडे बघत कागदावर आकडे खोडत जाणारा माणूस म्हणजे मी. खेळ मी बघत नाही, खेळ मी मोजतो. त्यामुळे पत्रकात काय चुकलं हे कदाचित मलाच सगळ्यात आधी दिसलं असेल. समितीशी माझं भांडण नाही. तुमच्यातल्या निम्म्या लोकांबरोबर मी रात्री बारा वाजता मॅटचे तुकडे उचललेले आहेत. पण पत्रक छापून वाटलं गेलं आहे, तेव्हा त्याबद्दल खासगीत कुजबुजण्यापेक्षा चारचौघांत बोललेलं बरं.

सुरुवात निकालांपासून करतो, कारण आभार मानायचे तर कशाबद्दल मानतोय ते आधी नीट लिहिलेलं असावं.

१६ संघ, बाद पद्धत, म्हणजे १५ सामने. संघांची नावं मी इथे लिहीत नाही, जर्सीच्या रंगांवरून ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पत्रकात पहिला उपांत्य सामना असा छापला आहे : "निळा वि. वि. हिरवा ३४-३३." आकडा चूक नाही. पण हे वाचून कोणालाही वाटेल की शेवटच्या मिनिटाला निळ्यांनी एक गुण जास्त काढला आणि शिट्टी वाजली. तसं झालंच नाही. पूर्ण वेळेत सामना २८-२८ असा बरोबरीत सुटला होता आणि निकाल लागला तो ५-५ चढायांच्या डावात, ६-५ असा.

जे त्या वेळी मैदानात नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. बरोबरी झाली की दोन्ही संघ आपापले सात खेळाडू पुन्हा मॅटवर उतरवतात आणि पाच वेगवेगळ्या चढाईपटूंची नावं, क्रमासह, सरपंचाकडे देतात. मग आळीपाळीने चढाया. या डावात कोणी बाद होऊन बाहेर जात नाही आणि कोणी जिवंत होऊन आत येत नाही, फक्त गुण मोजायचे. शिवाय निदान रेषा, म्हणजे चढाईपटूने समोरच्याच्या अंगणात ओलांडायलाच हवी ती रेषा, हीच बोनस रेषाही होते. म्हणून इथे रिकामी चढाई करून वेळ काढता येत नाही : रेषा ओलांडली तर तुम्हाला गुण, नाही ओलांडली तर समोरच्याला. यातही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई. आपल्याकडे तिथवर गेलं नाही.

चार-चार चढाया झाल्या तेव्हा हिरवे ५-४ पुढे होते. निळ्यांच्या पाचव्या चढाईपटूने बोनस घेतला, ५-५. हिरव्यांची शेवटची चढाई त्यांच्या १० नंबरची. पोरगा आत गेला, उजवीकडे झुकला, डाव्या कोपऱ्याने घोट्याला हात घातला आणि तो पालथा पडला तेव्हा त्याचा पाय निदान रेषेच्या वीतभर अलीकडे होता. वीतभर! पंचाने बसकण मारून बघितलं, सरपंचाकडे मान हलवली, आणि मी निळ्यांच्या खात्यात सहावा गुण लिहिला. मैदानावर दोन सेकंद कोणी ओरडलं नव्हतं, हे मला आठवतं, कारण पेनचा आवाज ऐकू आला होता.

हे सगळं पत्रकात येणार नाही, ठीक आहे. पण "२८-२८, ५-५ चढायांत ६-५" एवढं यायला दहा अक्षरं जास्त लागतात. हिरवा संघ चाळीस मिनिटांच्या खेळात हरलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या मुलांना पुढच्या वर्षी पुन्हा यायला पुरेशी आहे. ती तुम्ही खोडून टाकलीत.

आता यापेक्षा मोठी गोष्ट. सर्वोत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस चुकीच्या मुलाला गेलं आहे.

हे मी जपून लिहितोय, कारण ज्याला ते मिळालं त्या निळ्यांच्या ७ नंबरचा यात काडीचाही दोष नाही आणि तो खेळाडू म्हणून अस्सल आहे. पत्रकात त्याचे "स्पर्धेत सर्वाधिक ४३ गुण" छापले आहेत. हिरव्यांच्या १० नंबरचे ४१ धरले गेले, म्हणून तो दुसरा. मी घरी येऊन सगळी गुणपत्रकं पुन्हा मांडली. ७ नंबरचे ३७ होतात. १० नंबरचे ३९.

सहा आणि दोन गुणांचा हा फरक आला कुठून? मला वाटतं मला कळलं आहे. बक्षीस समारंभाच्या आधी समितीतल्या कोणीतरी फलकाचं चित्रण बघून हिशेब केला. पद्धत सोपी वाटते : चढाईच्या आधी फलकावर किती होते, चढाईनंतर किती झाले, मधला फरक त्या चढाईपटूच्या नावावर. बहुतेक वेळा हे बरोबरच येतं. फसतं ते लोण चढतो, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद होतो, तेव्हा. समजा समोर दोनच गडी उरलेत, चढाईपटूने दोघांनाही टिपलं, फलक २१ वरून २५ वर गेला. या चारातले दोन गुण गड्यांचे, ते चढाईपटूचे. उरलेले दोन लोणाचे, ते संघाचे. ते कोणाच्याही वैयक्तिक खात्यात जात नाहीत. म्हणूनच गुणपत्रकावर लोण वेगळ्या खुणेने नोंदवायचा असतो. फलकाला अशी खूण नसते, तिथे नुसता आकडा उडी मारतो.

७ नंबरच्या चढाईवर स्पर्धेत तीन लोण चढले. तीन दुणे सहा. ४३ मधून सहा गेले, ३७ राहिले. १० नंबरच्या चढाईवर एक लोण चढला, म्हणून ४१ चे ३९. ५-५ चढायांतले गुण मी दोघांच्याही खात्यात धरलेले नाहीत, आणि मला दिसतं त्यावरून तुम्हीही धरलेले नव्हते, म्हणजे तिथे वाद नाही. आणखी एक : ७ नंबर अंतिम फेरीत गेल्यामुळे त्याला चार सामने मिळाले. १० नंबरचा संघ उपांत्य फेरीत बाहेर गेला, त्याचे तीनच झाले. तीन सामन्यांत ३९ म्हणजे सामन्याला १३. एवढं खेळून त्या मुलाच्या हातात आलं ते "संयुक्त तिसरा क्रमांक" लिहिलेलं प्रमाणपत्र, आणि त्यातही आडनावाची वेलांटी चुकलेली.

माझीही चूक सांगतो. अंतिम सामना संपल्यावर तुमच्यापैकी एकजण टेबलापाशी आले, चढाईपटूचं नाव विचारलं. मी म्हणालो, "बेरजा पडताळतोय, दहा मिनिटं द्या." पाहुणे निघायच्या घाईत होते, दहा मिनिटं नव्हती. मंचावरून नाव पुकारलं गेलं तेव्हा मला शंका आली होती, तरी मी उठलो नाही. समारंभात खोडा नको म्हणून गप्प बसलो. तेव्हा उठायला हवं होतं. पण पत्रक छापायला आठ दिवस होते आणि त्या आठ दिवसांत गुणपत्रकं कोणी मागितली नाहीत. ती अजूनही माझ्याकडेच आहेत.

अंतिम सामन्याचं पत्रकात एकच वाक्य आहे, "पिवळ्यांनी ३३-२९ असा दणदणीत विजय मिळवला." चार गुणांच्या विजयाला दणदणीत म्हणणं ही भाषेची हौस झाली. मध्यंतराला निळे १७-१३ पुढे होते. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हाही निळेच २८-२६ पुढे, आणि पिवळ्यांचे मॅटवर तीनच गडी. निळ्यांच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, ही तिसरी, म्हणजे गुण घेतलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. तिघांनी मिळून त्याला धरला. तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली की सुपर टॅकलचा एक गुण जास्त मिळतो, तेव्हा २८-२८. तिथून पिवळ्यांनी पाच गुण काढले, निळ्यांनी एक. दणदणीत नव्हे, तिघांनी ओढून आणलेला सामना होता तो. दुसरा उपांत्य सामना, पिवळा विरुद्ध लाल ३९-२४, त्याला हवं तर दणदणीत म्हणा.

आता स्वयंसेवकांकडे येतो. "ज्ञात-अज्ञात" हा शब्द मला फार लागला. आम्ही तुम्हाला अज्ञात नाही. आमच्या नावांची यादी तुमच्याकडे आहे, कारण ओळखपत्रं तुम्हीच वाटलीत. १८ जणांची यादी आहे. पत्रकात १८ नावांना चार ओळी लागल्या असत्या.

नावं मी इथे लिहीत नाही, ती तुमच्या पत्रकात, ज्याची त्याला विचारून, स्पेलिंग तपासून यायला हवीत. मी फक्त कामं सांगतो, तीही सगळी नाही. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. मीटर बाय मीटरचे तुकडे एकमेकांत अडकवून मॅट होते, म्हणजे नुसत्या खेळाच्या चौकटीलाच १३० तुकडे, कडेची मोकळी जागा वेगळी. दोन मैदानं. सहा जणांनी ती आदल्या रात्री बसवली. दाते नीट बसले नाहीत तर सांधा उचलतो आणि धावत्या पायाचा अंगठा त्यात अडकतो, म्हणून एकजण अनवाणी प्रत्येक सांध्यावरून चालत गेला. तळव्याला लागलं की थांबायचा, गुडघ्यावर बसायचा, बुक्की मारून तुकडा दाबायचा. दोन दिवसांत मॅटच्या सांध्यामुळे एकही खेळाडू जखमी झाला नाही. ही बातमी आहे, पण जे घडलं नाही त्याची बातमी होत नाही.

माझ्या दोन्ही बाजूंना दोन सहायक गुणलेखक बसले होते, महाविद्यालयातली पोरं. त्यांचं काम असं की आपापल्या संघाचे बाद गडी ज्या क्रमाने बाहेर आले त्याच क्रमाने बसलेत ना ते बघायचं आणि जिवंत होताना त्याच क्रमाने आत पाठवायचे. ऐकायला पोरखेळ वाटतो. उपउपांत्य फेरीत एका संघाने आपला चांगला चढाईपटू, जो तिसरा बाद झाला होता, तो पहिला म्हणून आत ढकलायचा प्रयत्न केला. सामना ऐन रंगात, प्रशिक्षक ओरडतोय, आणि एकोणीस वर्षांचा मुलगा हात आडवा धरून शांतपणे म्हणतो, "सर, आधी ४ नंबर." तो सामना दोन गुणांनी सुटला. सांगा आता, या पोराचे आभार कुठल्या शब्दांत मानाल? निदान नाव तरी लिहाल की नाही?

आणि ती अकरावीतली मुलगी, जिच्या हातात दोन दिवस फक्त एक कोरडं फडकं होतं. पकड झाली, सातजण एकावर एक पडले आणि उठले की मॅटवर घामाचा माणसाएवढा ओला ठसा राहतो. त्यावर पुढच्याचा पाय पडला की गुडघा गेलाच म्हणून समजा. तिने कोणी न सांगता सरपंचाशी खुणेची भाषा ठरवून घेतली होती : ती फडकं वर करायची, सरपंच चढाई सोडायच्या आधी मान हलवायचा, ती धावत जाऊन पुसून यायची. रात्रीच्या सामन्यांना दव पडायला लागल्यावर तर तिची धावपळ चढाईपटूंपेक्षा जास्त झाली.

प्रायोजकांविषयी थोडं. त्यांचे आभार मानू नका असं मी म्हणत नाही, उलट तुम्ही ते नीट मानलेले नाहीत अशी माझी तक्रार आहे. बोधचिन्हांच्या आकारावरून रक्कम कळते, एवढंच त्या पानावरून समजतं. ज्यांनी पैसे न देता वस्तू किंवा माणसं दिली ते पानावर नाहीतच : दुसरं मॅट ज्यांनी बिनभाड्याने दिलं ते, दोन्ही दिवस प्रथमोपचाराचं टेबल ज्यांनी सांभाळलं ते. त्या टेबलावर तीन घोटे आणि एक खांदा बघितला गेला. त्यांतला खांद्यावाला मुलगा पुन्हा खेळायचा हट्ट धरून बसला होता, त्याला "नाही" म्हणणारी व्यक्ती तिथे होती म्हणून तो वाचला.

याहून अवघड प्रकार असा की पानावर असे एकजण आहेत ज्यांनी आदल्या दिवशी माघार घेतली. चषक त्यांच्याकडून येणार होते, आले नाहीत. एका दुसऱ्याच माणसाने रात्रीत सोय केली, आणि चिन्ह मात्र पहिल्यांचंच छापलं गेलं, कारण पत्रकाचा मसुदा स्पर्धेच्या आधीच तयार होता. हे मला अंदाजाने नव्हे, मसुद्यावरच्या तारखेवरून कळलं. रात्रीत धावून आलेले गृहस्थ अंतिम सामन्याला शेवटच्या रांगेत बसले होते. मंचावरून यादी वाचली गेली, ते ऐकत होते. संपल्यावर त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

प्रायोजकाला आभाराच्या वाक्यापेक्षा हिशेब हवा असतो. आपण काय कबूल केलं होतं आणि काय पाळलं, एवढं. फलक कॅमेऱ्याच्या बाजूला लावू असं ज्यांना सांगितलं होतं त्यांचा फलक दुसऱ्या दिवशी खुर्च्यांच्या रांगेमागे गेला होता, कारण वाऱ्याने फाटेल म्हणून कोणीतरी हलवला. कारण रास्त होतं. पण त्यांना ते कळवलं का? प्रत्येकाला एक वेगळं पत्र जायला हवं, जास्तीत जास्त पंधरा दिवसांत : तुमचा फलक इथे होता, हा त्याचा फोटो, इतक्या सामन्यांत तो दिसला, तुमच्या मदतीतून अमुक खर्च भागला, कबूल केलेलं हे राहिलं त्याबद्दल दिलगीर आहोत, सोबत निकाल. एक पान पुरतं. पुढच्या वर्षी त्यांच्या दारात जाल तेव्हा हेच पान उपयोगी पडेल.

आणि पुढचं वर्ष म्हटलं की ती ठळक ओळ. २४ संघ, महिला गट, तीन दिवस. महिला गट व्हावा असं मला मनापासून वाटतं, गेली चार वर्षं मी बैठकीत तेच म्हणतोय. पण घोषणेची हूल उठवायच्या आधी बोटं मोजूया. २४ संघ तीन-तीनच्या आठ गटांत घातले तर प्रत्येक गटात तीन सामने, म्हणजे साखळीचेच २४. आठ गटविजेते पुढे, त्यांचे चार, दोन आणि एक मिळून सात. झाले ३१. महिलांचे आठ संघ बाद पद्धतीने खेळवले तर आणखी सात. एकूण ३८. या वर्षी १५ होते.

वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, पाच मिनिटं मध्यंतर, संघांनी मागितलेली विश्रांती, जखमा, नाणेफेक हे सगळं धरून एका सामन्याला तास जातो. दोन मैदानांवर ३८ सामने म्हणजे १९ तासांचा खेळ. तीन दिवसांत बसतो, बसत नाही असं नाही. पण महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं. रेषांच्या पट्ट्या उचलून पुन्हा लावायच्या तर दर वेळी अर्धा तास आणि दोन माणसं. त्यापेक्षा एक मैदान एका सत्रापुरतं महिलांसाठीच राखून ठेवणं शहाणपणाचं, आणि मग पुरुषांचं वेळापत्रक त्या सत्रात एकाच मैदानावर येतं. शिवाय प्रत्येक मैदानाला एका वेळी एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक, दोन सहायक, म्हणजे सहा जण लागतात. दोन मैदानांना बारा. सलग सहा तास कोणी गुणलेखन करू शकत नाही. मी करून बघितलंय, चौथ्या तासाला बोनस आणि टच यांत गोंधळ व्हायला लागतो. बदली माणसं धरून हा आकडा अठराच्या पुढे जातो, आणि मॅट, पाणी, फलक, प्रथमोपचार यांची माणसं अजून धरलेलीच नाहीत. ज्या अठरा जणांना तुम्ही अज्ञात म्हणालात, त्यांच्या दुपटीने माणसं लागणार आहेत.

पुढच्या हंगामाचा इशारा द्यायलाच हवा, लोक त्याचीच वाट बघतात. पण जेवढं ठरलंय तेवढाच द्यावा. मला विचाराल तर ते पत्रक असं असतं :

"विजेता पिवळा संघ, उपविजेता निळा, अंतिम सामना ३३-२९. उपांत्य सामने : निळा विजयी विरुद्ध हिरवा, २८-२८, ५-५ चढायांत ६-५; पिवळा विजयी विरुद्ध लाल, ३९-२४. हिरवा आणि लाल संयुक्त तिसरे. सर्वोत्कृष्ट चढाईपटू हिरवा संघ १० नंबर, तीन सामन्यांत ३९ गुण. मागच्या पत्रकातला आकडा लोणाचे गुण धरल्यामुळे चुकला होता. दुसरं मॅट, चषक, प्रथमोपचार, ध्वनिक्षेपक आणि छपाई ज्यांच्यामुळे झाली त्यांची नावं खाली आहेत. १८ स्वयंसेवकांची नावं त्यांच्या कामांसह पाठीमागच्या पानावर आहेत. पुढच्या हंगामात महिलांचा आठ संघांचा गट घेण्याचा विचार आहे. त्यासाठी चार गुणलेखक आणि दहा स्वयंसेवक हवेत. ते मिळाले की तारीख सांगू."

बस. एवढंच.

माझ्या मागण्या यातून दिसतातच, तरी स्पष्ट लिहितो. निकालांचं दुरुस्ती पत्रक काढा आणि सगळ्या १६ संघांना पाठवा. हिरव्यांच्या १० नंबरला चषक द्या, पण निळ्यांच्या ७ नंबरकडून परत मागू नका. चूक आपली, तिचा खर्च आपण सोसायचा. छापण्याआधी दोघांनाही फोन करा, त्यांना हे पत्रकातून कळू नये. स्वयंसेवकांची नावं कामासह द्या. प्रायोजकांना वेगवेगळी पत्रं लिहा आणि चषकांची सोय ज्यांनी केली त्यांच्याकडे पत्र न पाठवता स्वतः जा. वैयक्तिक बक्षिसं यापुढे गुणलेखकाची सही झाल्याशिवाय जाहीर करू नका, पाहुणे कितीही घाईत असोत. आणि २४ संघांची ती ओळ मागे घ्या, निदान आम्हा मंडळींबरोबर एक बैठक होईपर्यंत.

पंधराही सामन्यांची गुणपत्रकं, सरपंचांच्या सह्यांसकट, माझ्याकडे फाईलमध्ये आहेत. कोणीही येऊन तपासावीत. माझी बेरीज चुकली असेल तर मी इथेच, याच ठिकाणी, तसं लिहीन.

शनिवारी संध्याकाळी आम्ही काहीजण उसनं आणलेलं मॅट परत करायच्या आधी मोजायला बसणार आहोत. तीन तुकडे कमी भरतायत. फाईल मी तिथे घेऊन येतो, तुम्हीही या.

आपला,
स्पर्धेचा गुणलेखक